पहिल्या सुराआधीची मात्रा

मोत्सार्टची ‘आवे वेरुम कोर्पुस’ ही रचना अवघ्या 46 बारांची आहे. व्हिएन्नाजवळच्या बाडेन गावात चर्चचा गायकवृंद सांभाळणाऱ्या आंटोन श्टोल या मित्रासाठी त्याने ती जून 1791मध्ये लिहिली. चार आवाज, तंतुवाद्यं आणि ऑर्गन एवढाच पसारा. पहिल्यांदा वृंदासमोर उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला मी हीच रचना देते, कारण लय संथ असल्याने संचालकाच्या हाताची प्रत्येक चूक तिच्यात ऐकू येते.

हाताच्या आकृत्या तासाभरात येतात. चार मात्रांच्या बारात उजवा हात पहिल्या मात्रेला सरळ खाली येतो, दुसरीला आत डावीकडे, तिसरीला बाहेर उजवीकडे जातो आणि चौथीला वर. तीन मात्रांना खाली, उजवीकडे, वर. दोनाला खाली आणि वर. पहिली मात्रा नेहमी खालीच पडते. आपल्याकडे वाट चुकलेला साथीदार समेवर परत भेटतो, तसा इथे चुकलेला वादक या खाली येणाऱ्या हातावर परत येतो. पोटाच्या उंचीवर एक अदृश्य टेबल आहे आणि हात चेंडूसारखा त्यावर टप्पा घेतोय, असं समजा. टप्पा पडतो तो क्षण म्हणजे मात्रा. हात नुसता हवेत गोल फिरत राहिला, तर मात्रा नेमकी कुठे पडली हे समोरच्या तीस जणांना तीस ठिकाणी वाटतं.

खरी अडचण पहिल्या मात्रेच्या आधी असते. ताल धरताना आपण मात्रेवर टाळी देतो. संचालकाला मात्र पुढची मात्रा कधी पडणार, हे ती पडण्याआधी दाखवावं लागतं. त्यासाठी सुरुवातीची जी खूण असते, ती आधीच्या एका मात्रेएवढीच असते. ‘आवे वेरुम’मध्ये तंतुवाद्यं पहिल्या मात्रेला सुरू होतात, म्हणून खूण चौथ्या मात्रेची, म्हणजे वर जाणाऱ्या हाताची. सूर तिसऱ्या मात्रेला सुरू होत असता, तर खूण दुसरीची दिली असती. लय मिनिटाला 60 मात्रांची ठरवली, तर ही खूण बरोबर एक सेकंद चालली पाहिजे. रचना हळुवार आहे, म्हणून हालचालही लहान आणि सलग हवी. झटका दिला की वादक पहिलाच सूर ठोकून वाजवतात.

विद्यार्थी इथे घाईने हात उचलतो आणि मग संथ मात्रा द्यायला लागतो. अर्धे वादक उचललेल्या हाताची गती खरी मानतात, अर्धे पुढच्या मात्रेची वाट बघतात. पहिला सूर फाटतो आणि दुसऱ्या बारात सगळं आपोआप जुळतं. असं झालं की दोष वादकांचा नाही, तुमच्या खुणेचा आहे, हे ओळखा. उपाय साधा आहे. हात वर नेऊन स्थिर ठेवा, गायकांची पहिली ओळ मनात त्याच लयीत गाऊन बघा आणि त्यानंतरच खूण द्या. ‘एक, दोन, तीन, चार’ मोजून सुरुवात करायची सवय लावू नका. त्यामुळे वृंदाची नजर हातावरून सुटते.

दोन बारांनंतर गायक येतात. त्यांच्यासाठी दुसऱ्या बाराची चौथी मात्रा हीच खूण, आणि ती देताना संचालकाने स्वतः तोंडाने श्वास घ्यायचा. तो बघूनच गायक श्वास घेतात. श्वास एकत्र घेतला गेला तर सूरही एकत्र लागतो.

शेवटच्या भागात ‘एस्तो नोबिस’ हे शब्द आधी स्त्रियांचे आवाज घेतात आणि एक बार मागून पुरुष तेच शब्द उचलतात. नवखा संचालक स्त्रियांना इशारा देतो आणि त्या नीट आल्या म्हणून सुखावून तिकडेच बघत राहतो. मागच्या रांगेतले पुरुष मग चाचरत येतात. स्त्रियांची ओळ सुरू झाली की लगेच नजर पुरुषांकडे वळवा. त्यांच्या मात्रेच्या एक मात्रा आधी डावा हात श्वासासोबत उचला आणि मात्रेवर त्यांच्या दिशेने न्या. उजवा हात या सगळ्यात आपली आकृती सोडत नाही. डावा हात नुसता त्याचं प्रतिबिंब बनून हलत असेल, तर इशारा द्यायला हात उरतच नाही. तोवर तो कमरेपाशी शांत असू द्या.

तालमीला जाण्याआधी एवढं करून बघा. दोन मित्रांना समोर उभं करा, तोंडाने काही बोलू नका, फक्त खूण द्या आणि पहिल्या मात्रेवर त्यांना टाळी वाजवायला सांगा. दोन टाळ्या वेगवेगळ्या ऐकू आल्या, तर वृंदासमोर जाण्याआधी खुणेवर आणखी एक संध्याकाळ घालवा.