स्ट्रॉबेरीची मातृरोपे स्पेनहून मागविताना लिहावयाची ई-मेल

महाबळेश्वर व वाई भागातील स्ट्रॉबेरीच्या रोपवाटिकांसाठी परदेशातून मातृरोपे आणली जातात. विमानाने येणारा असा माल मुंबईस अंधेरी पूर्वेकडील सहार येथे उतरतो. रोपांची निवड चांगली असूनही माल बिघडतो, तेव्हा त्याचे मूळ पुष्कळदा पुरवठादारास लिहिलेल्या पत्रातील मोघम शब्दांत असते.

ही रोपे हिवाळ्यात उपटून शून्याखाली दीड ते दोन अंश तापमानाच्या शीतगृहात ठेवलेली असतात. शीतगृहाबाहेर काढून एकदा वितळली की ती पुन्हा गोठविता येत नाहीत. इकडे मातृरोपांनी मे महिन्यात जीव धरला, तरच पावसाळ्यात धावते फुटून सप्टेंबरच्या लागणीस रोपे मिळतात. जूनच्या मध्यास माल आला तर महाबळेश्वरच्या मुसळधार पावसात मुळे धरत नाहीत. यास्तव तारखेचा प्रश्न दरापेक्षाही नाजूक आहे.

समजा, अंधेरीच्या एका आयातदारास २०,००० रोपे हवी आहेत, व दर रोपास पाव युरो, म्हणजे एकूण ५,००० युरो, असा ठरला आहे. पुरवठादार लिहितो, 'मेच्या दुसऱ्या कीन्सेनात माल पाठवू. सर्व रक्कम आगाऊ द्यावी.' कीन्सेना म्हणजे आपला पंधरवडाच होय. मराठी वाचकास तो सहज कळतो. परंतु मालाच्या दृष्टीने त्याचा अर्थ १६ पासून ३१ मेपर्यंत कोणताही दिवस असा होतो. तसेच 'आठ दिवसांत' असे स्पॅनिश माणूस म्हणतो तेव्हा त्याच्या मनात आपल्याप्रमाणेच आठवडा असतो. म्हणून उत्तरात विशिष्ट दिवस मागावा, आणि तो माल निघण्याचा की सहारला पोचण्याचा हेही लिहावे. पोचण्याचा दिवस सोमवार ते बुधवार यांपैकी असावा, म्हणजे तपासणी सुट्टीत अडकत नाही. १५ मे रोजी माद्रिद शहरात सुट्टी असते; तो शेतकऱ्यांचा संत मानल्या गेलेल्या सान इसिद्रोचा सण आहे. त्या दिवशी माल निघावा अशी अपेक्षा ठेवू नये.

संपूर्ण आगाऊ रकमेची मागणी अवास्तव नाही. शीतगृहाबाहेर काढलेली रोपे त्यास दुसऱ्याला विकता येत नाहीत. बँकेचे पतपत्र हा नेहमीचा मार्ग येथे गैरसोयीचा ठरतो. कागद तपासण्यास प्रत्येक बँकेस पाच कामकाजाचे दिवस मिळतात, विमान मात्र दोन दिवसांत येते. विमानपावतीवर माल घेणारा म्हणून बँकेचे नाव असेल, तर बँकेच्या संमतीपत्राअभावी मेच्या उकाड्यात खोकी पडून राहतात. यापेक्षा रक्कम टप्प्यांनी देणे बरे. पत्राचा आशय असा ठेवावा :

'मान्यवर महोदय, आपली अडचण आम्ही जाणतो. मागणी निश्चित होताच १.५०० युरो (दीड हजार) पाठवू. वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राची व विमानपावतीची प्रत ई-मेलने आल्यावर, माल विमानात चढण्यापूर्वी, २.५०० युरो (अडीच हजार) देऊ. उरलेले १.००० युरो (एक हजार) सहार येथे वनस्पती-संगरोधाची तपासणी होऊन माल सुटल्यापासून १५ दिवसांत मिळतील. याच्या मोबदल्यात माल मंगळवार, दि. २० मे रोजी मुंबईस पोचेल असे आपण लेखी कळवावे. प्रत्येक विमानखेपेत तापमान नोंदविणारे यंत्र ठेवावे.'

स्पेनमध्ये हजारांसाठी बिंदू व अपूर्णांकासाठी स्वल्पविराम वापरतात. तेथील १.५०० म्हणजे दीड हजार. आपल्याकडे तोच आकडा दीड वाचला जाईल. दर ०,२५ असा लिहिलेला येईल. म्हणून अक्षरांतही रक्कम लिहावी. स्पॅनिश माणसास दोन आडनावे असतात. संबोधनात त्यांपैकी पहिले घ्यावे, दुसरे नव्हे.

दुसऱ्या टप्प्याची रक्कम सोडण्यापूर्वी प्रमाणपत्र आयातपरवान्याशी शब्दशः ताडून पाहावे. वनस्पतीचे शास्त्रीय नाव, रोपांची संख्या आणि परवान्यात मागितलेली अतिरिक्त घोषणा यांत तफावत असल्यास माल सहारला अडतो. चूक दुरुस्त करणे रोपे स्पेनमध्ये असेतोच सोपे असते. परवाना अर्थातच माल निघण्यापूर्वी हाती असावा लागतो.

पुरवठादार बहुधा अर्धी रक्कम आधी व अर्धी प्रमाणपत्राबरोबर मागेल. तेव्हा पहिला हप्ता वाढविण्यास हरकत नाही. शेवटचा हप्ता १,००० वरून ५०० युरोंवर आणता येईल, परंतु तो मुळीच सोडू नये. खोकी उघडल्यावर मुकुट उभा कापून पाहावा. आतील भाग पांढरा असेल तर रोप सुदृढ; तपकिरी असेल, किंवा मुळांस आंबूस वास व बुरशी असेल, तर माल वाटेत तापला आहे. तापमानाची नोंद व कापलेल्या मुकुटांची छायाचित्रे ४८ तासांच्या आत पाठवावीत, आणि ही मुदतदेखील पहिल्याच पत्रात ठरवून घ्यावी.