पहिल्या ओळीतला ‘च’

‘च’ हे एकच अक्षर पहिल्या ओळीत आलं, आणि माझ्या रूममेटला तिच्या लेखाचा दुसरा परिच्छेद नव्याने लिहावा लागला.

ती भूजलावर पीएचडी करते. दर महिन्याला एका गावातल्या बावीस विहिरींची पाणीपातळी मोजते. गावातल्या लोकांना वाचता येईल असा दोन पानांचा लेख तिला लिहायचा होता, कारण या उन्हाळ्यात तिथे आणखी बोअर घ्यायचं चाललं होतं. माझा विषय भाषाविज्ञान, म्हणून मसुदा माझ्याकडे आला. मसुदा चांगला होता. पहिली ओळ सोडून.

ती ओळ होती: ‘यंदाही पावसाने दडी मारली होती.’ मी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी आलं: ‘तुमच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी का राहत नाही, याचा कधी विचार केलाय?’ आता हे कोणाला विचारतोय आपण? ज्याने एप्रिल-मे महिने विहिरीत डोकावण्यात घालवले, त्याला. त्याने दुसरा कसला विचार केला असेल! तिसरा प्रयत्न पाठ्यपुस्तकी होता, महाराष्ट्राचा मोठा भाग बेसॉल्टने व्यापलेला आहे वगैरे.

या ओळी जुनाट आहेत म्हणून वाईट, असं लोक म्हणतात. ते खरं, पण कारण तेवढंच नाही. मॉर्टन अॅन गर्न्सबाकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी वाचनाच्या प्रक्रियेवर बरंच काम केलंय. त्यांची मांडणी थोडक्यात अशी: वाचक मजकुराची इमारत डोक्यात उभारत जातो, आणि सुरुवातीची वाक्यं वाचताना तो पाया घालत असतो. म्हणूनच पहिल्या वाक्याला पुढच्या वाक्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. शिवाय वाक्यात आधी ज्याचं नाव येतं तो नंतर पटकन आठवतो, त्यानंतर आलेला जरा उशिरा.

आता पावसाची ओळ बघा. वाचकाने मेहनत करून पाया घातला पावसावर. दुसऱ्या परिच्छेदात लेख गेला खडकावर. म्हणजे पहिला पाया सोडून त्याने शेजारी दुसरा खणायचा. (लेखच पावसावर असता तर पावसाने सुरू करायला माझी काही हरकत नव्हती.) प्रश्नाच्या ओळीत तर पायाला दगडच नाही. उत्तर येईपर्यंत वाचक कुदळ घेऊन नुसता उभा.

चहा पिताना मी तिला म्हटलं, लेख राहू दे, गावात काय झालं ते सांग. ती म्हणाली, “अगं, आप्पांच्या शेजाऱ्याने बोअर घेतला. आप्पा नको म्हणत होते. तीनशे फूट गेले, नुसता फुफाटा. आणि आप्पांची विहीर चाळीस फूट, तिला मे महिन्यातही पाणी!” यातूनच पुढची ओळ निघाली: ‘बोअर शेवटी कोरडाच गेला.’

चारच शब्द, पण त्यात न सांगितलेलं किती आहे ते मोजा. ‘बोअर’च्या आधी ‘एक’ नाही, म्हणजे कुठला बोअर ते वाचकाला माहीत आहे असं धरलंय. ‘शेवटी’ म्हणजे आधी बरेच प्रयत्न झाले. आणि ‘च’ म्हणजे कोरडा जाईल असं कोणाला तरी वाटत होतं, तसंच झालं. यातलं काहीही वाक्यात सांगितलेलं नाही, सगळं गृहीत आहे. भाषाविज्ञानात याला पूर्वगृहीत म्हणतात. 1979 मध्ये डेव्हिड लुईस या तत्त्वज्ञाने दाखवलं की ऐकणारा अशा वेळी सहसा अडून बसत नाही. बोलणाऱ्याने जे धरून चाललंय ते तोही मुकाट्याने धरून चालतो. पहिल्या ओळीत याचा परिणाम जास्त, कारण तिच्या आधी काहीच नसतं. वाचक गोष्टीच्या मध्यात येऊन उभा राहतो आणि राहिलेलं शोधायला पुढे वाचतो.

पण हे फुकट मिळत नाही. 1974 मध्ये हॅविलंड आणि क्लार्क यांनी वाक्यांच्या जोड्या देऊन वाचनाचा वेळ मोजला. मराठीत नमुना असा करता येईल: ‘पिशवीतून साखर काढली. साखर ओली झाली होती.’ इथे काही अडचण नाही. ‘पिशवीतून सामान काढलं. साखर ओली झाली होती.’ इथे सामानात साखर होती हा सांधा वाचकाला स्वतः जोडावा लागतो, आणि तेवढा वेळ जास्त जातो. एक-दोन सांधे वाचक आनंदाने जोडतो. पाच दिले की तो परत वर जाऊन वाचतो, नाहीतर सोडून देतो.

म्हणून मी पहिल्या ओळीखाली तिची गृहीतं उतरवून काढते आणि प्रत्येकासमोर लिहिते, हे लेखात कुठे फेडलंय. बोअरचं काय ते फेडलेलं होतं. ‘शेवटी’चं नव्हतं. बोअर एकदाच घेतला होता, आधीचे प्रयत्न वगैरे काही नाही, तेव्हा ‘शेवटी’ ही चक्क थाप होती. काढला. आणि ‘च’? मसुद्यात कोणीही आधी इशारा दिलेला नव्हता. दिला होता आप्पांनी, पण ते चहाबरोबर आले, लेखात नव्हतेच!

मग ओळ बदलली: ‘आप्पांनी नको म्हटलं होतं तिथेच बोअर घेतला, आणि तीनशे फूट खाली जाऊनही तो कोरडाच गेला.’ आधी आप्पांचं नाव आलं, त्यामुळे पाया त्यांच्यावर. ‘कोरडाच’ क्रियापदाच्या अगदी अलीकडे आलं. मराठीत वाक्याचा जोर सहसा तिथेच पडतो, त्यामुळे नवी बातमी तिथे ठेवलेली बरी. आप्पा नको का म्हणाले, एवढा एकच सांधा वाचकाकडे उघडा राहिला.

तो फेडायला दुसरा परिच्छेद नव्याने लिहावा लागला. आप्पांनी विहीर खणून घेतली तेव्हा साधारण पस्तीस फुटांपर्यंत मुरूम आणि भेगाळलेला खडक लागला, त्याखाली अखंड काळा फत्तर. बेसॉल्टमध्ये पाणी साठतं ते झिजलेल्या थरात आणि भेगांत. अखंड फत्तरात ते साठायला जागाच नसते. बोअरचा वरचा भाग केसिंग पाइपने बंद केला, म्हणजे ज्या थरात पाणी होतं तोच बंद झाला, आणि खाली तीनशे फुटांत एकही भेग लागली नाही. खडकाची जी माहिती आधी पाठ्यपुस्तकासारखी पहिल्या ओळीत आली होती, तीच इथे उत्तर म्हणून आली.

ती तरी खूश नव्हती. “हे वाचून लोक म्हणतील बोअर घ्यायचाच नाही. माझ्या नोंदींत खोल भेगेला पाणी लागलेले दोन बोअर आहेत.” बरोबर होतं तिचं. एका बोअरची ओळ बावीस विहिरींच्या अभ्यासाच्या डोक्यावर बसली की वाचक ती सगळ्यांना लावतो. आम्ही ‘बोअर म्हणजे पैसे फुफाट्यात’ असं मथळ्यात घेणार होतो, ते सोडलं. ते दोन बोअर तिने तिसऱ्या परिच्छेदाच्या सुरुवातीलाच घेतले. पहिली ओळ मात्र तशीच ठेवली, कारण ‘तिथेच’ या शब्दाने ती त्या एका जागेपुरती बांधलेली होती.

लेख छापायला देण्याआधी तिने तो आप्पांना वाचून दाखवला. ते म्हणाले, विहीर चाळीस नाही, अडतीस फूट आहे.