कपड्याचा रंग बदलल्यावर कडेला उरणारी जुनी रेघ

पांढऱ्या भिंतीपुढे उभ्या असलेल्या माणसाचा लाल कुर्ता फोटोशॉपमध्ये निळा केला, की खांद्यावर आणि बाहीच्या कडेला बहुधा एक बारीक गुलाबी किंवा जांभळी रेघ उरते. पार्श्वभूमी जितकी उजळ, तितकी ती अधिक उठून दिसते. निवड नीट झाली नाही असे समजून पुष्कळजण कड पुन्हा पुन्हा कोरत बसतात, पण दोष बहुतेक वेळा कोरण्यात नसतो.

फोटोत कपडा एका पिक्सेलवर संपून पुढच्यावर भिंत सुरू होते, असे होत नाही. मधल्या एकदोन पिक्सेलांत दोन्हींचे रंग मिसळलेले असतात. कुर्त्याचा रंग लाल २००, हिरवा ३०, निळा ४० आणि भिंतीचे तिन्ही आकडे २४५ असतील, तर निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा पिक्सेल साधारण २२२, १३८, १४२ म्हणजे गुलाबी असतो. शिवाय बऱ्याच जेपेग फायलींत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा जाड्याभरड्या मापाने साठवलेली असते. त्यामुळे लाली कडेबाहेर आणखी एखादा पिक्सेल पसरते.

आता `Hue/Saturation` या लेयरमध्ये `Hue` उणे १२० केले, की कुर्ता ३०, ४०, २०० असा निळा होतो. मास्कची कड मऊ असेल, तर कडेच्या गुलाबी पिक्सेलवर हा बदल निम्माच लागू होतो. मूळ गुलाबी आणि बदललेला फिकट निळा यांची सरासरी १८०, १४०, १८२ येते, आणि हीच ती जांभळी रेघ. म्हणजे त्या पिक्सेलात कुर्त्याचा वाटा निम्मा असला, तरी रंगबदल तेथे पूर्ण लागू व्हायला हवा. तो पूर्ण लागू केला, तर १३८, १४२, २२२ असा फिकट निळा मिळतो. निळा कुर्ता त्याच भिंतीपुढे खरोखर उभा असता, तर कडेला नेमका हाच रंग दिसला असता.

म्हणून येथे मास्क आत ओढायचा नसतो, तो बाहेर सरकवायचा असतो. मास्कवर टिचकी मारून `Filter > Other > Maximum` मध्ये एक किंवा दोन पिक्सेल दिले, की काम होते. पांढऱ्या भिंतीला स्वतःचा रंग नसल्याने `Hue` फिरवून ती बदलत नाही. मास्क भिंतीवर थोडा सांडला तरी डाग पडत नाही. मात्र `Colorize` चालू असेल तर ही सवलत राहत नाही, कारण मग राखाडीलाही रंग चढतो. कुर्ता गडदही करायचा असेल, तर गडदपणासाठी `Curves` चा वेगळा लेयर घेऊन त्याला मूळचा, न वाढवलेला मास्क द्यावा. एकाच रुंद मास्कने दोन्ही कामे केली, तर भिंतीवर करडी रेघ उमटते.

भिंत पिवळीधमक असेल, तर गोष्ट खरोखर अवघड होते. समजा तिचा रंग २५०, २१५, ६० आहे. मास्क आत राहिला तर कडेला नारिंगी रेघ उरते. तो बाहेर सरकवला तर पिवळ्याचाही रंग फिरून भिंतीवर जांभळी पट्टी येते. निळ्या-पिवळ्याच्या निम्म्या मिश्रणाचा खरा रंग १४०, १२८, १३० म्हणजे जवळजवळ करडा असायला हवा, आणि मास्क कितीही सरकवला तरी तो हाती लागत नाही. मिश्रण नव्यानेच घडवावे लागते. त्यासाठी कुर्ता मऊ कडेसह निवडून `Ctrl+J` ने वेगळ्या लेयरवर घ्यावा आणि `Layer > Matting > Defringe` मध्ये एक किंवा दोन पिक्सेल द्यावेत. ही आज्ञा कडेच्या पिक्सेलांतला मिसळलेला रंग काढून तेथे आतल्या कापडाचा रंग भरते. ती मास्क लावलेल्या लेयरवर चालत नाही, कापून वेगळ्या केलेल्या लेयरवरच चालते. मग खालच्या लेयरवर `Clone Stamp` ने भिंत जुन्या कडेच्या आत पाच-सहा पिक्सेल ओढून घ्यावी. यानंतर कुर्त्याच्या लेयरपुरताच रंग बदलला, की मऊ कडेतून निळा आणि पिवळा आपोआप योग्य प्रमाणात मिसळतात. `Defringe` चा आकडा मोठा ठेवला, तर काठाची बारीक वीण पुसली जाऊन कड चिकटवल्यासारखी दिसते.

उरलेली रेघ शोधायला सगळ्यात वर तात्पुरता `Hue/Saturation` लेयर ठेवून `Saturation` अधिक ६० करावे. डोळ्याला न जाणवणारी लालीही मग भडक दिसते. हनुवटीखाली आणि मनगटाजवळ कापडाचा उजेड त्वचेवर पडलेला असतो, तोही याच वेळी दिसतो. ती रेघ नव्हे, त्यामुळे ती मास्कने जात नाही. `Color` मोडच्या नव्या लेयरवर शेजारच्या त्वचेचा रंग हलक्या ब्रशने लावला, की ती लाली मावळते. खांद्यावर आलेल्या सुट्या केसांनाही हाच उपाय लागू पडतो. पारदर्शक ओढणीला मात्र `Defringe` लावू नये. तिचा प्रत्येक पिक्सेल मिश्रणच असतो आणि आत घेण्याजोगा शुद्ध रंग तिच्यात कोठेच नसतो.