दहा फुटांचा दर्शनी भाग

रस्त्याने चालणारा माणूस सेकंदाला साधारण चार ते साडेचार फूट पुढे सरकतो. म्हणजे दहा फूट रुंदीच्या गाळ्यासमोरून तो अडीच सेकंदांत निघून जातो. सलूनची पाटी, काच आणि दार यांना आपले म्हणणे तेवढ्या वेळात सांगायचे असते: हे दुकान कसले आहे, ते आपल्यासाठी आहे का, खर्च किती येईल आणि आत शिरायला संकोच तर वाटणार नाही ना. माणसाच्या मनात हे प्रश्न साधारण याच क्रमाने उठतात. पहिल्याचे उत्तर मिळाले नाही, तर पुढचे उठतच नाहीत.

पाटी बनवताना सर्वांत मोठी चूक होते ती मापात. सलूनचा मालक पाटीचे चित्र संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर, दीड फुटावरून पाहून पसंत करतो. तीच पाटी रस्त्यापलीकडच्या माणसाला चाळीस फुटांवरून वाचायची असते. पाट्या करणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे: दर दहा फूट अंतरामागे अक्षराची उंची एक इंच. म्हणजे चाळीस फुटांसाठी चार इंच. पण हा ठोकताळा रोमन लिपीतल्या मोठ्या अक्षरांवरून आलेला आहे. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार असतात. म्हणून चार इंच मोजायचे ते शिरोरेघेखालच्या अक्षराच्या अंगाचे. वरखालचे धरले, तर एका ओळीला सात-आठ इंच लागतात. हे लक्षात न घेता ओळीची एकूण उंची चार इंच ठेवली, की अक्षराचे अंग जेमतेम दोन इंच उरते आणि पाटी पलीकडून नुसती रंगीत पट्टी दिसते.

अक्षराचे वळणही तितकेच महत्त्वाचे असते. नाजूक, लपेटदार वळण सौंदर्याच्या व्यवसायाला शोभते असे वाटते, पण लांबून घ आणि ध, भ आणि म यांतला फरक अक्षराच्या वरच्या एवढ्याशा उघड्या जागेवर आणि गाठीवर अवलंबून असतो. मागून दिवा लावलेल्या ॲक्रिलिकच्या अक्षरांत रात्री उजेड कडेने पसरतो आणि नेमक्या याच जागा भरून टाकतो. दिवसा सुरेख वाचता येणारी पाटी रात्री पांढरा ढग होते, ती यामुळेच. उपाय सोपा आहे. अक्षरे किंचित रुंद आणि मोकळी घ्यावीत आणि दिव्याचा जोर कमी ठेवावा. पाटी कारागिराकडे देण्याआधी नावातले सर्वांत अवघड जोडाक्षर खऱ्या मापात कागदावर छापून शटरवर चिकटवावे, समोरच्या पदपथावर उभे राहून पाहावे आणि पुन्हा दिवे लागल्यावर पाहावे.

पाटीवर काय लिहायचे याचे उत्तर दोनच गोष्टींत येते: नाव आणि धंदा. ‘लेडीज सलून’, ‘जेंट्स पार्लर’, ‘केशकर्तनालय’, जे असेल ते. नावावरून धंदा कळत नसेल, तर धंद्याचे शब्द नावाच्या निम्म्यापेक्षा लहान नसावेत. फेशियल, थ्रेडिंग, ब्रायडल मेकअप, हेअर स्पा अशी बारा कामांची यादी, नवरीचा फोटो आणि दोन फोन नंबर एका फ्लेक्सवर बसवले, की त्यातले काहीच वाचले जात नाही. महाराष्ट्रात नाव मराठीत, देवनागरी लिपीत लिहिणे कायद्याने बंधनकारक आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही हा नियम लागू झाला आणि मराठी अक्षरे दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. हा नियम आधीच धरून आखणी केली, तर दोन लिप्यांची ओढाताण होत नाही. वर मोठे मराठी नाव आणि खाली धंद्याचा शब्द, एवढ्यावर काम भागते.

तरीही गाळ्याच्या माथ्यावरची सपाट पाटी समोरच्या बाजूच्या माणसासाठी असते. दुकानाच्याच बाजूने चालणाऱ्याला ती दिसत नाही. तो भिंतीला समांतर चालत असतो आणि जवळ येईल तशी पाटी त्याच्या डोक्यावर जाते. त्याच्यासाठी भिंतीला काटकोनात, रस्त्याकडे बाहेर आलेली लहान दुतर्फा पाटी लागते. ती दीड-दोन फुटांची असली तरी पुरते, पण जमिनीपासून आठ फुटांच्या खाली नसावी आणि लावण्याआधी नगरपालिकेच्या परवाना विभागात विचारावे. सलूनचा फिरता लाल-पांढरा खांब हेच काम करतो. युरोपात एके काळी न्हावी आणि शल्यवैद्य एकाच पेशातले मानले जात. लंडनमध्ये 1540 साली त्यांचे संघ एकत्र करण्यात आले होते. खांबावरचे पट्टे त्या काळातल्या रक्ताची आणि पट्ट्यांची खूण असल्याचे मानतात. आज त्याचा उपयोग वेगळाच आहे. डोळ्याच्या कोपऱ्यात रंगापेक्षा हालचाल आधी टिपली जाते, म्हणून न वाचताही सलून ओळखू येते.

आता काचेकडे येऊ. उदाहरणादाखल महिलांच्या सलूनचा एक गाळा घेऊ: दहा फूट रुंद, पश्चिमेकडे तोंड, पदपथापासून अर्धा फूट उंच, पुढे पूर्ण काच. दुपारी बाहेरून पाहिले तर आतले काहीच दिसत नाही. काचेत दिसतात समोर लावलेल्या स्कूटर. मालकीण म्हणते, आत चार ट्यूब आहेत, उजेड भरपूर आहे. पण साधी काच तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे आठ टक्के परत फेकते. सावलीतल्या रस्त्यावरही भर दिवसा दहा हजार लक्सच्या आसपास उजेड असतो आणि आत तीनशे-चारशे. ढोबळ हिशेबाने रस्त्याचे प्रतिबिंब आठशेच्या घरात जाते आणि आतल्या दृश्याला झाकून टाकते. गडद फिल्म लावली, तर हा आरसा आणखी पक्का होतो आणि दुकान बंद असल्यासारखे दिसते.

आतला उजेड रस्त्याइतका वाढवणे परवडत नाही. त्याऐवजी काचेवर पडणारा उजेड कमी करायचा आणि दाखवायच्या वस्तू काचेजवळ आणायच्या. माथ्यावर अडीच-तीन फुटांची झडप दुपारच्या उन्हाला अडवते. मात्र पश्चिमेचे चार वाजल्यानंतरचे ऊन तिरपे, झडपेखालून येते. त्यासाठी वरून खाली सोडता येणारी चीक किंवा कापडी पडदा लागतो. काचेच्या आत पहिल्या दोन फुटांत तीन-चार स्पॉट दिवे लावावेत आणि मागे फिकट रंगाची अर्धी भिंत ठेवावी. मग निदान तेवढा भाग प्रतिबिंबावर मात करतो.

रात्री उलटे होते. बाहेर अंधार, आत झगझगाट, त्यामुळे खुर्चीतली बाई अख्ख्या रस्त्याला दिसते. डोक्याला रंग लावून किंवा थ्रेडिंगसाठी मान वर करून बसलेल्या बाईला ते नको असते. ते पाहणारीही मनात म्हणते, आपणही असेच दिसू. पण पूर्ण काच झाकली, तर आत कोण आहे, जागा स्वच्छ आहे का, हे कळत नाही आणि अनोळखी दार ढकलायला पाय उचलत नाही. मधला मार्ग म्हणजे दुधी फिल्मची आडवी पट्टी, आणि तिची उंची मोजून ठरवता येते. पदपथावरून जाणारीचे डोळे जमिनीपासून साधारण पाच फुटांवर असतात, म्हणजे दुकानाच्या फरशीपासून साडेचार फुटांवर. खुर्चीत बसलेल्या बाईचे डोळे फरशीपासून चार फुटांवर असतात. एक काचेच्या पाच फूट बाहेर आणि दुसरी पाच फूट आत असेल, तर नजरेची रेघ बरोबर मध्ये, सव्वाचार फुटांवर काच ओलांडते. बाहेरून जाणारा उंच असेल, म्हणून आणखी चार-पाच इंच धरावेत. पट्टी अडीच फुटांपासून साडेचार-पावणेपाच फुटांपर्यंत नेली, की बसलेलीचा चेहरा झाकतो, उभ्याने काम करणाऱ्या मुलीचे डोके आणि वरचे दिवे दिसतात, खालून स्वच्छ फरशी दिसते. खुर्ची काचेपासून अधिक आत असेल, तर रेघ आणखी वर जाते. म्हणून फिल्म कापण्याआधी कागद चिकटवून बाहेरून एकदा पाहावे.

काचेत मांडायचे काय? बहुतेक ठिकाणी नटनट्यांचे पोस्टर असतात. पश्चिमेच्या उन्हात त्यांतला लाल आणि पिवळा रंग आधी उडतो आणि उरतात ते निळसर, आजारी चेहरे. सौंदर्याचे काम करणाऱ्या दुकानाला यासारखी मारक गोष्ट नाही. शिवाय दुसऱ्याचे छायाचित्र परवानगीवाचून वापरणे अडचणीचे ठरू शकते. आपल्याच दोन-तीन ग्राहकांचे केस कापण्याआधीचे आणि नंतरचे फोटो, त्यांची लेखी संमती घेऊन, मोठ्या मापात लावले तर ते जास्त खरे वाटतात. ते तीन महिन्यांनी बदलावेत. शाम्पूच्या भरलेल्या बाटल्या उन्हात तापून खराब होतात, म्हणून काचेत रिकाम्याच ठेवाव्यात, आणि त्याही थोड्या. अमेरिकेतले दुकानांचे अभ्यासक पॅको अंडरहिल यांनी 1999 साली आलेल्या पुस्तकात नोंदवले आहे की आरसा दिसला की चालणाऱ्यांची गती मंदावते. सलूनला तर आरसा शोभतोच. काचेच्या कडेला उभा, एक फूट रुंद आरसा लावला, की माणूस केस सारखे करायला क्षणभर थांबतो आणि त्याच क्षणी शेजारचे दरपत्रक वाचतो.

दरपत्रक बाहेर लावायला अनेकांचा जीव होत नाही. पण आत जाऊन दर विचारायचा आणि परवडत नाही म्हणून परत फिरायचे, हा संकोचच बहुतेकांना दाराबाहेर थांबवतो. सगळी कामे लिहू नयेत. हेअरकट, थ्रेडिंग, फेशियल अशी पाच-सहा पुरेत. दर पूर्ण लिहावेत. ‘पासून पुढे’ एवढेच लिहिले, की वाचणाऱ्याला फसगतीचा वास येतो. अर्धा इंच उंचीची अक्षरे, डोळ्यांच्या पातळीला, दाराच्या मुठीच्या बाजूला.

दाराचे काम छोटे, पण नाजूक. काचेचे दार बाकीच्या काचेतून वेगळे ओळखू यावे म्हणून मुठीला ठळक रंग असावा आणि ‘ढकला’ किंवा ‘ओढा’ लिहिलेले असावे. पायरीची कड पिवळ्या किंवा पांढऱ्या पट्टीने दाखवावी. आत शिरताच समोर कोणाची तरी पाठ नको. गल्ल्याची जागा अशी हवी की तिथल्या व्यक्तीची नजर दारावर पडेल.

बदल केल्यावर उपयोग झाला की नाही हे मोजूनच कळते. बदलाआधी आणि बदलानंतर, त्याच वारी, संध्याकाळी सहा ते सात या वेळेत गाळ्यासमोरून किती जण गेले, किती जणांनी मान वळवली, किती थांबले आणि किती आत आले, हे कोणीतरी वहीत खुणा करून लिहावे. सणाचा किंवा लग्नसराईचा आठवडा धरू नये. माना वळतच नसतील, तर दोष पाटीत किंवा काचेवरच्या चकाकीत आहे. वळतात पण थांबत नाहीत, तर काचेतली मांडणी काही सांगत नाही. थांबतात, दर वाचतात आणि पुढे जातात, तर दराकडे किंवा दाराकडे पाहावे लागते. एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा आठवडाभर मोजावे, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.