दोन दुर्बल आम्लांच्या मिश्रणाचा सामू

फॉर्मिक आम्ल आणि अ‍ॅसेटिक आम्ल ही दोन्ही दुर्बल आम्ले आहेत. मुंगीच्या दंशातली आग फॉर्मिक आम्लाची असते, तर व्हिनेगरचा आंबटपणा अ‍ॅसेटिक आम्लाचा. पाण्यात मिसळल्यावर दोघांचेही थोडेच रेणू फुटून हायड्रोजन आयन मोकळे करतात. ही फुटण्याची प्रवृत्ती विचरण स्थिरांकाने मोजली जाते. २५ अंश सेल्सिअसला फॉर्मिक आम्लाचा स्थिरांक १.८ × १०⁻⁴ आहे आणि अ‍ॅसेटिक आम्लाचा १.८ × १०⁻⁵, म्हणजे बरोबर दहापट कमी. दोन्ही आम्ले एकाच भांड्यात आली, तर द्रावणाचा सामू किती होईल? आणि हिशोबात अ‍ॅसेटिक आम्ल कधी सोडून देता येईल?

सर्वांत जास्त चूक होते ती पहिल्याच पायरीवर. प्रत्येक आम्ल एकटेच आहे असे समजून त्याचे हायड्रोजन आयन काढायचे आणि दोन्ही आकडे मिळवायचे, असा मोह होतो. पण द्रावणात हायड्रोजन आयनांचा साठा एकच असतो आणि तो दोन्ही आम्लांना समोर दिसतो. फॉर्मिक आम्लाने सोडलेले आयन अ‍ॅसेटिक आम्लाला फुटण्यापासून रोखतात. अ‍ॅसेटिकचे आयनही फॉर्मिकला रोखतात, जरा कमी प्रमाणात. एकटे असताना प्रत्येकाने जितके आयन सोडले असते, तितके मिश्रणात कोणीच सोडत नाही.

योग्य हिशोब विद्युतभाराच्या समतोलातून निघतो. द्रावण एकूण उदासीन असते, म्हणून हायड्रोजन आयनांची संहती ही फॉर्मेट आणि अ‍ॅसिटेट आयनांच्या संहतींच्या बेरजेइतकी असली पाहिजे. पाण्याचा स्वतःचा वाटा इतक्या आंबट द्रावणात नगण्य असतो. दोन्ही आम्लांचे बहुतेक रेणू न फुटता राहिले आहेत असे धरले, तर फॉर्मेटची संहती K₁C₁ भागिले [H⁺] इतकी येते आणि अ‍ॅसिटेटची K₂C₂ भागिले [H⁺] इतकी. दोन्हींची बेरीज [H⁺] बरोबर मांडून गुणाकार केला की सूत्र मिळते:

[H⁺] = √(K₁C₁ + K₂C₂)

इथे K म्हणजे विचरण स्थिरांक आणि C म्हणजे मिसळल्यानंतरची संहती. हा ‘नंतरची’ शब्द महत्त्वाचा आहे. ०.२ मोलर फॉर्मिक आणि ०.२ मोलर अ‍ॅसेटिक आम्ल समान आकारमानात मिसळले, तर आकारमान दुप्पट होते आणि प्रत्येकाची संहती ०.१ मोलरवर येते. बाटलीवरचा आकडा तसाच सूत्रात घातला, तर पुढचा सगळा हिशोब चुकतो.

या मिश्रणासाठी फॉर्मिकचा गुणाकार १.८ × १०⁻⁵ आणि अ‍ॅसेटिकचा १.८ × १०⁻⁶ येतो. बेरीज १.९८ × १०⁻⁵. तिचे वर्गमूळ सुमारे ०.००४४५, म्हणून सामू २.३५. कोणतीही सूट न घेता समीकरण सोडवले, तर २.३६ येतो, म्हणजे सूत्र भरवशाचे आहे. वेगवेगळे आयन काढून नुसते मिळवले असते, तर उत्तर २.२६ आले असते. आता अ‍ॅसेटिक आम्ल पूर्ण विसरून फक्त ०.१ मोलर फॉर्मिक आम्लाचा सामू काढला, तर तो २.३८ येतो. फरक जेमतेम ०.०२ चा आहे. इथे अ‍ॅसेटिक आम्ल सोडून दिले तरी चालते.

ते चालते याचे कारण अ‍ॅसेटिक आम्ल दहापट दुर्बल आहे हे नव्हे. बेरजेत त्याचा गुणाकार दहापट लहान आहे, हे खरे कारण आहे. दोन्ही कारणे एकच वाटतात, पण ती संहती सारख्या असतानाच एक होतात. फॉर्मिक ०.०१ मोलर आणि अ‍ॅसेटिक १ मोलर असे मिश्रण घेतले, तर अ‍ॅसेटिकचा गुणाकार १.८ × १०⁻⁵ होतो आणि फॉर्मिकचा १.८ × १०⁻⁶. बेरीज तीच राहते आणि सामूही जवळजवळ तोच, २.३५. मात्र आता वजन अ‍ॅसेटिकचे आहे. ‘जे दुर्बल ते सोडा’ असा पाठ केलेला नियम इथे लावला, तर फक्त फॉर्मिक उरते आणि सामू २.९० येतो. ही चूक अर्ध्या एककाहून मोठी आहे. साधा सामूमापकही ती लगेच दाखवून देईल.

म्हणून निर्णय गुणाकारांच्या प्रमाणावरच घ्यावा. लहान गुणाकार मोठ्याच्या एक-दशांश असेल, तर तो सोडल्याने सामूत ०.०२ चा फरक पडतो. एक-विसांश असेल, तर ०.०१ चा आणि एक-शतांश असेल, तर ०.००२ चा. चूक इतकी लहान राहते, कारण बेरजेचे आधी वर्गमूळ घेतले जाते आणि मग त्याचा लॉगॅरिदम. दोन्ही गुणाकार अगदी समान असले, तरी एक सोडल्याने सामू फक्त ०.१५ ने चुकतो. वरचे सूत्र लागू असेपर्यंत, लहान गुणाकार सोडल्याने होणारी ही सर्वांत मोठी चूक आहे. त्यामुळे किती सोडायचे हे मोजमापाच्या साधनावर अवलंबून राहते. सामूपट्टी अर्ध्या किंवा पूर्ण एककापर्यंतच वाचते, तिच्यासाठी हा ०.१५ चाही फरक दिसणार नाही. ०.०१ पर्यंत वाचणारा मापक असेल, तर एक-विसांशाची मर्यादा पाळावी.

सूत्राची स्वतःची मर्यादा द्रावण पातळ झाले की दिसते. दोन्ही आम्ले ०.००१ मोलर असतील, तर सूत्र ३.३५ सांगते, पण खरा सामू ३.४३ असतो. या द्रावणात फॉर्मिकचे सुमारे एक-तृतीयांश रेणू फुटलेले असतात, म्हणून ‘बहुतेक रेणू न फुटता राहिले’ हे गृहीतक कोसळते. अ‍ॅसेटिक सोडून, पण पूर्ण समीकरणाने हिशोब केला, तर ३.४६ येते. म्हणजे दुसरे आम्ल सोडण्यापेक्षा घाईने वर्गमूळ काढणे इथे जास्त महागात पडते. तपासण्याची रीत सोपी आहे. मिळालेला [H⁺] दोन्ही स्थिरांकांशी ताडून पाहावा. तो मोठ्या स्थिरांकाच्या किमान वीसपट असेल, तर सूत्र चालते. तसे नसेल, तर प्रत्येक आम्लाचा वाटा KC भागिले ([H⁺] + K) असा काढावा, दोन्ही वाट्यांची बेरीज घ्यावी, ती बेरीज आणि आधीचा आकडा यांची सरासरी पुन्हा आत घालावी. दोन-तीन फेऱ्यांत उत्तर स्थिरावते.

सामूसाठी सोडलेले आम्ल द्रावणातून मात्र नाहीसे होत नाही. प्रत्येकी ०.१ मोलर असलेल्या त्या पहिल्या मिश्रणाचे १० मिलिलिटर घेऊन फिनॉल्फ्थॅलिनसह ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन केले, तर गुलाबी रंग येण्यासाठी सुमारे २० मिलिलिटर अल्क लागते. त्यातले निम्मे अ‍ॅसेटिक आम्लाच्या वाट्याचे असते.