उजव्या मांडीतली सुई

सहा आठवड्यांचं बाळ आरोग्य केंद्रात आणलं की नर्सताई त्याच्या दोन्ही मांड्या उघड्या करून घेतात. डावीत पेंटाव्हॅलंट, उजवीत पीसीव्ही, दोन्ही अर्धा-अर्धा मिलिलिटर. डाव्या मांडीतल्या लशीत घटसर्प, धनुर्वात आणि डांग्या खोकला अशी आजीलाही ठाऊक असलेली नावं आहेत. उजवीतली लस मात्र महाराष्ट्राच्या सरकारी वेळापत्रकात 2021मध्ये आली आणि ती कशासाठी देतात, हे अनेक आयांना कुणी नीट सांगितलेलं नसतं.

ती न्यूमोकोकस या जिवाणूविरुद्ध आहे. हा जिवाणू धडधाकट मुलांच्याही नाकात मुक्कामाला असतो आणि बहुतेक वेळा काही करत नाही. पण तो फुप्फुसात उतरला की न्यूमोनिया होतो. त्याच्या अंगावर साखरेच्या रेणूंचं जाड आवरण असतं, त्यामुळे पांढऱ्या पेशींना त्याला धरता येत नाही. मोठ्या माणसाचं शरीर या साखरेविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, दोन वर्षांखालच्या मुलाला ते नीट जमत नाही. म्हणून लशीत ती साखर एका प्रथिनाला जोडलेली असते. प्रथिन बाळाच्या शरीराला ओळखता येतं आणि त्याच्यासोबत साखरेचीही ओळख पटते. या प्रतिपिंडांमुळे फुप्फुस तर वाचतंच, शिवाय लशीत असलेले प्रकार नाकात ठाण मांडण्याचं प्रमाणही घटतं.

याचा परिणाम अमेरिकेत दिसला. तिथे 2000 साली तान्ह्या मुलांना ही लस सुरू झाली आणि काही वर्षांत लस न घेतलेल्या म्हाताऱ्या माणसांमधलेही न्यूमोकोकसचे गंभीर आजार कमी झाले. नातवंडांच्या नाकातून आजोबांकडे जाणारा जिवाणूच कमी झाला होता. एक अडचणही पुढे आली. न्यूमोकोकसचे सुमारे शंभर प्रकार आहेत आणि त्या पहिल्या लशीत सातच होते. मोकळ्या झालेल्या जागेत 19ए नावाचा प्रकार पसरला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या दहा प्रकारांच्या लशीत म्हणूनच 19ए आहे.

दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोमध्ये सुमारे चाळीस हजार बाळांवर झालेली चाचणी तर मुळातून समजून घ्यावी अशी आहे. निम्म्यांना न्यूमोकोकसची लस मिळाली, निम्म्यांना नाही. न्यूमोनिया होऊन रुग्णालयात आलेल्या ज्या मुलांमध्ये श्वसनाचे विषाणू सापडले, त्यांचं प्रमाण लस घेतलेल्या गटात 31 टक्क्यांनी कमी होतं. लस जिवाणूची, आणि घट विषाणूच्या न्यूमोनियात! कीथ क्लुगमन आणि शबीर माधी यांनी 2004मध्ये मांडलेला याचा अर्थ असा, की यातल्या बऱ्याच मुलांना विषाणूसोबत न्यूमोकोकसनेही गाठलेलं होतं. फ्लूचा विषाणू श्वासनलिकेचं अस्तर सोलतो, कचरा वर ढकलणारे बारीक केस थांबतात आणि नाकातला जिवाणू खाली घसरतो. 1918च्या साथीतल्या मृतांच्या जपून ठेवलेल्या फुप्फुसांतही बहुतेक वेळा जिवाणूंच्या न्यूमोनियाच्याच खुणा सापडल्या आहेत.

फ्लूची लस या साखळीतली पहिली कडी तोडते. पण विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना दरवर्षी दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, लशीत कोणते विषाणू असावेत हे ठरवते आणि लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. सहा महिन्यांखालच्या बाळाला ती देता येत नाही. त्याला संरक्षण मिळतं ते आईने गरोदरपणात घेतलेल्या लशीतून, नाळेवाटे आलेल्या प्रतिपिंडांचं.

डांग्या खोकल्यात आईचा हा वाटा आणखी महत्त्वाचा ठरतो. हल्ली वापरात असलेली त्याची कमी त्रासाची, पेशीविरहित लस आजार रोखते, पण जिवाणूला घशात राहण्यापासून फारसं अडवत नाही, असं 2014मध्ये बबून माकडांवरच्या प्रयोगात दिसलं. शिवाय तिचा असर काही वर्षांत ओसरतो. त्यामुळे दादाचा किंवा बाबांचा तीन आठवडे रेंगाळलेला खोकला पहिल्या डोसआधीच बाळापर्यंत पोचू शकतो. इतक्या लहान बाळाला ती ओळखीची 'हूप' अशी उबळ येतेच असं नाही. त्याचा श्वास मध्येच थांबतो, ओठ निळे पडतात. असं दिसलं तर तासभरही थांबू नये.

इंग्लंडमध्ये 2012च्या साथीत तान्ही मुलं दगावली, तेव्हा गरोदर स्त्रियांना डांग्या खोकल्याची लस सुरू झाली आणि तीन महिन्यांखालच्या बाळांमध्ये तिने सुमारे 90 टक्के संरक्षण दिलं. आपल्याकडे सरकारी केंद्रात गरोदरपणी मिळते ती 'टीडी'. तिच्यात धनुर्वात आणि घटसर्प आहेत, डांग्या खोकला नाही. तो ज्या लशीत आहे ती 'टीडॅप'. ती सत्ताविसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यात, प्रत्येक गरोदरपणात घ्यायची असते आणि त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञाला नाव घेऊनच विचारावं लागतं.