घड्याळ गेलं, मनगट उरलं पाहिजे

एका लग्नाच्या फोटोत नवऱ्याच्या हातातलं काळ्या पट्ट्याचं घड्याळ काढायचं होतं. आधी त्वचा भरायचा मोह होतो, पण सुरुवात कडेपासून करावी. घड्याळ मनगटापेक्षा जाड असतं. त्याच्याच कडेने त्वचा भरली तर हात सुजल्यासारखा दिसतो. म्हणून पट्ट्याच्या वर-खाली दिसणाऱ्या कडा हलक्या वळणाने जोडल्या आणि करंगळीच्या बाजूचा हाडाचा उंचवटा राखला. तो विसरला की हात नळीसारखा होतो.

मग नव्या लेयरवर क्लोन स्टॅम्पने कोपराकडची त्वचा आणली; उजेडाची उजेडात, सावलीची सावलीत. हीलिंग ब्रश पट्ट्याजवळ चालवला की काळपट डाग ओढून आणतो, म्हणून तो शेवटी. सैल पट्ट्यालगत फिकट त्वचेची एक चीर डोकावत होती. ती वेगळ्या लेयरवर थोडी गडद, थोडी तांबूस केली. तशीच सोडली असती तर घड्याळाची जागा लगेच कळली असती. शेवटी पट्ट्याची हातावर पडलेली सावली पुसली.

सगळ्यात फसवं असतं ते प्रतिबिंब. 2012 मध्ये रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या संकेतस्थळावरच्या फोटोत धर्मगुरू किरिल यांचं मनगट मोकळं होतं, पण गुळगुळीत टेबलात घड्याळ स्पष्ट दिसत होतं. चर्चला माफी मागून मूळ फोटो परत लावावा लागला.